गुणांवरून किती ठाम बोलावे?

प्रश्न: वाचन चाचणीत एका विद्यार्थिनीचे गुण ५२ वरून ५८ झाले. ‘जादा तासांमुळे तिची प्रगती झाल्याचे सिद्ध होते’ असे अहवालात लिहावे का?

लिहू नये. चाचणीचे प्रमाण विचलन १० आणि विश्वसनीयता ०.८४ आहे असे धरल्यास मापनाची प्रमाण त्रुटी १० × √(१ − ०.८४), म्हणजे ४ गुण येते; क्षमता तीच असतानाही गुण योगायोगाने साधारण किती वर-खाली होतात, हे ती सांगते. ही त्रुटी दोन्ही वेळच्या गुणांत असल्याने त्यांच्या फरकाची त्रुटी सुमारे ५.७ होते, आणि ९५ टक्के खात्रीने बदल झाला असे म्हणण्यासाठी साधारण ११ गुणांचा फरक लागतो. सहा गुणांची वाढ विद्यार्थिनीच्या क्षमतेत काहीही बदल न होताही दिसू शकते. ‘सूचित होते’ हे क्रियापद येथे पुरेसे आहे.

‘मुळे’ हे शब्दयोगी अव्यय तर क्रियापदाहून अधिक धोक्याचे आहे. जादा तासांसाठी तिची निवड पहिल्या चाचणीतील कमी गुणांवरूनच झाली असेल, तर दुसऱ्या वेळी गुण सरासरीकडे सरकणे काही प्रमाणात अपेक्षितच असते. म्हणून मी असे लिहीन: ‘जादा तासांच्या काळात गुण ६ ने वाढले. ही वाढ प्रगतीची शक्यता सूचित करते, मात्र ती मापनत्रुटीच्या मर्यादेत आहे.’

प्रश्न: अपूर्णांकांच्या बेरजेवरील पाच बहुपर्यायी प्रश्नांपैकी एकाचे दोनच बरोबर आले. त्याला संकल्पना समजलेली नाही, असे यावरून ‘दिसून येते’ ना?

केवळ दोन या आकड्यावरून नाही. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय असतील, तर निव्वळ अंदाजाने दोन किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के असते. त्यामुळे ती दोन उत्तरे समज असल्याचा भक्कम पुरावा नाहीत. दुसरीकडे, तीन चुका घाईनेही होऊ शकतात.

खरी माहिती चुकांच्या स्वरूपात असते. त्याने तिन्ही ठिकाणी अंश अंशात आणि छेद छेदात मिळवला असेल, म्हणजे १/२ + १/३ चे उत्तर २/५ निवडले असेल, तर ‘अंश व छेद स्वतंत्रपणे मिळवण्याची पद्धत तो वापरत असल्याचे दिसून येते’ हे विधान योग्य ठरते. त्याच्याकडून अशी दोन-तीन उदाहरणे पायऱ्यांसह सोडवून घेतली आणि तीच पद्धत पुन्हा आढळली, तर ‘स्पष्ट होते’ म्हणायलाही माझी हरकत नाही.

प्रश्न: इतकी सावधगिरी बाळगली की अहवाल गुळमुळीत होतो. काय करावे?

निरीक्षण आणि अर्थ वेगळे ठेवावेत. ‘पाचपैकी दोन उत्तरे बरोबर आली’ ही नोंद आहे, तिथे ‘असे वाटते’ कशाला? सावध क्रियापद अर्थ लावणाऱ्या वाक्यात, तेही एकदाच यावे. ‘कदाचित असे सूचित होऊ शकते’ या वाक्यात एकच शंका तीनदा मांडली आहे. त्यातले ‘कदाचित’ आणि ‘होऊ शकते’ काढून ‘असे सूचित होते’ एवढेच ठेवावे.