निरोपाच्या पत्रातला ‘पण’

“आमच्या टीममधली मुलगी कंपनीतर्फे तीन वर्षांसाठी रॉटरडॅमला चाललीय. सगळ्यांच्या वतीने पत्र लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. अभिमान लिहिला की मजकूर कोरडा होतो, आठवण लिहिली की रडगाणं होतं. काय करू?”

या बाई बॅलार्ड इस्टेटच्या एका शिपिंग ऑफिसात आयातीची कागदपत्रं सांभाळतात. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.) मी त्यांना म्हटलं, फाडलेले कागदही घेऊन या.

दोन मसुदे आले. पहिल्यात होतं, ‘तुझ्याशिवाय आमचं कसं होणार?’ मी विचारलं, याचं उत्तर ती काय देईल? बाई गप्प झाल्या. जाणाऱ्या माणसाला असा प्रश्न विचारला की आपली समजूत काढायचं कामही त्याच्याच अंगावर पडतं, तेही बॅगा भरायच्या दिवसांत. दुसऱ्या मसुद्यात ‘कंपनीच्या वाटचालीत मोलाचा वाटा’ वगैरे होतं. त्यातलं नाव बोटाने झाकलं, तर तो निवृत्त होणाऱ्या कुठल्याही साहेबांना चालला असता.

दोन्हींत एक वाक्य मात्र सारखंच होतं: ‘आम्हाला तुझा अभिमान आहे, पण तुझी खूप आठवण येईल.’ हा ‘पण’ समुपदेशनात आम्हाला फार भेटतो. तो आला की आधीचं सगळं पुसलं जातं आणि ऐकणाऱ्याला मागचंच ऐकू येतं. तिथे ‘आणि’ घालून मोठ्याने वाचा, म्हटलं. वाचलं, आणि डोळ्यांत पाणी आलं.

ते पाणी एकट्या पत्राचं नव्हतं. दहा वर्षांपूर्वी यांनाही बाहेरची पोस्टिंग मिळत होती. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, म्हणून त्यांनी नाही म्हटलं. “तिचं कौतुक आहे हो, खरंच आहे. तरी कुठेतरी टोचतं.” शिवाय घरचे म्हणतात, ऑफिसातलीच तर मुलगी, त्यात एवढं काय? चारचौघं ज्याला दुःख मानत नाहीत अशा दुःखावर केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ मध्ये पुस्तकच काढलं. त्यात मुख्यतः मृत्यूनंतरच्या शोकाचा विचार आहे. तरी सात वर्षं शेजारच्या टेबलावर डबा खाल्लेलं माणूस जातं, तेव्हा जे होतं त्यालाही समाजाने नाव दिलेलं नाही, एवढं मी बाईंना सांगितलं.

मग आम्ही पत्रं दोन केली. टोचणारं सगळं त्यांच्या खासगी पत्रात जाईल. ते द्यायचं की नाही हे नंतर ठरवायचं. टीमच्या पत्रासाठी सातही जणांकडून एकेक प्रसंग मागवायचा. विशेषण नको, कधी, कुठे, काय घडलं तेवढंच. ‘आता आम्हाला विसरशील’ असं एकाने पाठवलं होतं. थट्टाच होती, तरी निरोपाच्या दिवशी ती टोमण्यासारखी लागते. बाईंनी ती स्वतःच काढली.

‘रोज बोलू’ हेही काढायला लावलं. हिवाळ्यात तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेतीन. इथे सहाला सगळे लोकल पकडायला पळतात, तेव्हा ती कामाच्या मध्यावर असणार. असं वचन महिनाभरात मोडतं, आणि मग दोन्हीकडे उगीच अपराधीपणा येतो. पाळता येईल तेवढंच लिहा, म्हटलं.

शेवटी पत्र असं झालं:

“त्या जुलैत हार्बर लाइन बंद होती. न्हावा-शेवाला पार्टीचा कंटेनर अडकला होता. रात्री अकराला तू डिलिव्हरी ऑर्डर काढून दिलीस आणि मग ऑफिसातच खुर्च्या जोडून झोपलीस. सकाळी म्हणालीस, ‘चहा कोण पाजणार?’ हे काम आता रॉटरडॅमवाले बघतील, याचा आम्हाला अभिमान आहे. आणि खिडकीजवळची खुर्ची रिकामी दिसेल, तेव्हा वाईटही वाटेल. त्याची काळजी तू करू नकोस, ते आमचं आम्ही बघू. महिन्याच्या पहिल्या सोमवारी चारला आम्ही चहाला बसतोच. तेव्हा तुझ्याकडे दुपार होत आलेली असेल. जमलं तर फोन लाव, नाही जमलं तर तुझा कप आम्ही पिऊ.”

बाकीचे प्रसंग प्रत्येकाने खाली आपापल्या अक्षरात लिहिले. आणखी एक सुचवलं होतं: केक कापताना साहेबांसमोर वाचू नका, आदल्या दिवशी तिच्या हातात द्या. लोकांसमोर रडू आवरण्यातच सगळं लक्ष जातं, शब्द कुठले ऐकू येणार?

तिने ते डेस्कवरच वाचलं म्हणे, आणि विचारलं, “मी घोरत होते हे कोणी लिहिलंय?” लिहिलं होतं प्यूनकाकांनी.

खासगी पत्र चार पानी झालं. बाईंनी ते तिला दिलं नाही, माझ्याकडे ठेवलंय. पुढच्या वेळी न्यायचं का विचारलं, तर म्हणाल्या, “राहू दे. पहिला सोमवार होऊ दे.”