इलेक्टिव्हची सरासरी काढण्याआधी त्या वर्गात कोण बसलं होतं ते बघ

"सहाव्या सेमिस्टरला ऑपरेशन्स रिसर्च किंवा सॉफ्ट कॉम्प्युटिंग, दोन्ही ३ क्रेडिटचे. मागच्या वर्षीच्या ग्रेड मिळाल्या. ओआर (६० मुलं): ओ ६, ए प्लस १२, ए १५, बी प्लस १२, बी ८, सी ३, पी १, एफ ३. सॉफ्ट कॉम्प्युटिंग (२४ मुलं): ओ ६, ए प्लस ८, ए ६, बी प्लस ३, बी १. सरासरी ७.३ आणि ८.६ येते. माझा सीजीपीए ७.४ आहे. सॉफ्ट कॉम्प्युटिंग घेऊ ना?"

तुझी सरासरी बरोबर आहे. ४३९ भागिले ६० आणि २०७ भागिले २४, मीही करून बघितलं. पण एवढ्यावर विषय निवडू नकोस. याच आकडेमोडीवर भरवसा ठेवून मी एकदा चुकीचा विषय घेतला होता, म्हणून सविस्तर लिहितो.

८.६ ही त्या विषयाची सरासरी नाही, त्या २४ जणांची आहे. छोट्या वर्गाचा, प्रोजेक्टवाला इलेक्टिव्ह बहुतेक वेळा वरच्या फळीतली मुलं आपणहून घेतात. ओआरसारखा विषय टाइमटेबलला सोयीचा म्हणून अर्धा वर्ग घेतो. त्यामुळे प्रश्न असा विचार: या मुलांना त्यांच्या नेहमीच्या ग्रेडपेक्षा इथे जास्त मिळालं की कमी?

त्यासाठी एकच जादा आकडा लागतो, तो म्हणजे त्या मुलांचा आधीच्या सेमिस्टरपर्यंतचा सरासरी सीजीपीए. समजा सॉफ्ट कॉम्प्युटिंगवाल्यांचा तो ८.८ होता आणि ओआरवाल्यांचा ७.१. मग:

```
अंदाज = तुझा सीजीपीए + (विषयाची सरासरी - त्या मुलांचा आधीचा सीजीपीए)

सॉफ्ट कॉम्प्युटिंग: 7.4 + (8.6 - 8.8) = 7.2
ओआर:               7.4 + (7.3 - 7.1) = 7.6
```

निकाल उलटला. ८.८ हा आकडा मी धरलेला आहे, तुझ्या कॉलेजात ८.२ निघाला तर सॉफ्ट कॉम्प्युटिंगच पुढे जाईल. म्हणून हा आकडा मिळवल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

या सूत्राची एक मर्यादा आहे. ज्यांचा सीजीपीए आधीच ८.८ आहे त्यांना वर जायला १० पर्यंत फक्त १.२ ची जागा उरते, खाली घसरायला मात्र भरपूर. म्हणून हुशार मुलांच्या वर्गात हा फरक थोडा उणे येऊ शकतो, विषय अवघड नसला तरी. त्या उणे ०.२ ला मी शून्याच्या जवळच धरेन. म्हणजे सॉफ्ट कॉम्प्युटिंगचा तुझा अंदाज ७.२ ते ७.४.

आता ओआरच्या त्या तीन एफकडे बघ. एफचे ग्रेड पॉइंट शून्य. पी आणि एफमध्ये एका पायरीचं अंतर दिसतं, पण गुणांत ते ४ चं आहे. ते तिघे वगळले तर ४३९ भागिले ५७, म्हणजे ७.७. तीन मुलांनी साठांची सरासरी जवळजवळ ०.४ ने खाली ओढली आहे. ते तिघे कोण होते हे सीनिअरना विचार (नावं नकोत, परिस्थिती विचार). अटेंडन्समुळे डिटेन झालेले किंवा आधीचे बॅकलॉग घेऊन बसलेले असतील, तर ती जोखीम तुझी नाही. समजा त्यांचा आधीचा सीजीपीए ५.४ च्या आसपास होता. मग त्यांना दोन्ही बाजूंनी वगळ: उरलेल्या ५७ जणांचा आधीचा सीजीपीए ७.२ येतो, विषयात ७.७, म्हणजे अधिक ०.५. तुझा अंदाज ७.९ पर्यंत जातो. दोन्ही बाजूंनी वगळणं महत्त्वाचं, एकाच बाजूने केलंस तर आकडा फुगतो. आणि तिघांपैकी एक जरी तुझ्यासारखा ७-साडेसातवाला, नियमित येणारा निघाला, तर त्याला वगळायचं नाही.

परीक्षा विभागाकडून मिळणाऱ्या तक्त्याबद्दल मनापासून राग आहे, तो इथेच काढतो. मला मिळालेल्या तक्त्यात नुसते टक्के होते, डोकी नव्हती. रि-एग्झाममध्ये पास झालेल्यांचे ग्रेड मूळ निकालात मिसळलेले होते, आणि पहिल्या दोन आठवड्यांत विषय सोडून गेलेल्यांचा पत्ताच नव्हता. तीनदा विचारूनही रजिस्टर झालेल्यांचा आकडा दिला नाही. तुझ्या तक्त्यात सॉफ्ट कॉम्प्युटिंगला एकही एफ, पी, सी नाही. विषय खरंच सोपा असेल, किंवा अडखळलेली मुलं मुदतीत बाहेर पडली असतील. तक्त्यावरून दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून एवढंच विचार: सुरुवातीला किती जणांनी घेतला होता? ३० जणांनी घेऊन २४ उरले असतील, तर गळालेले सहा बहुधा तुझ्याच रेंजमधले असतील.

सीजीपीएची सरासरी कुठून आणायची? पूर्वी निकालाचं गॅझेट नोटीस बोर्डावर लागायचं, आता बऱ्याच ठिकाणी प्रत्येकाला फक्त आपल्या लॉगिनवर दिसतं. कोणाच्या मार्कशीट मागत फिरू नकोस. दोन्ही विषयांच्या आठ-दहा सीनिअरना एकच विचार: "त्या सेमिस्टरला बाकीच्या विषयांत सरासरी किती आणि यात किती?" फक्त फरक लिहून घे. ज्यांचा सीजीपीए ७ ते ८ च्या दरम्यान आहे त्यांचे फरक वेगळे काढ, तुझ्यासाठी तेच खरे. सॉफ्ट कॉम्प्युटिंगमध्ये असे तीनच भेटले तर त्यावरून काही ठरत नाही हे मान्य कर. आणि चांगले ग्रेड मिळालेलेच उत्साहाने सांगतात, म्हणून ग्रुपवर मेसेज टाकण्यापेक्षा एकेकाला गाठ.

दोन गोष्टी मात्र सगळ्यात आधी तपास. या वर्षी शिकवणारे तेच आहेत का? सर बदलले तर मागचा तक्ता जवळपास रद्दच समज, कारण पेपर काढण्याची आणि इंटर्नल देण्याची सवय माणसाची असते, विषयाची नाही. दुसरं, ग्रेडिंग रिलेटिव्ह आहे की ॲब्सोल्यूट? रिलेटिव्ह असेल तर वर्गाची सरासरी दरवर्षी तिथेच ठेवली जाते आणि तुझा ग्रेड शेजारी कोण बसलंय त्यावर ठरतो. मग सॉफ्ट कॉम्प्युटिंगचे ८.६ तुझ्यासाठी आणखीच फसवे.

माझं मत (तुझ्या कॉलेजचे नियम वेगळे असू शकतात, ऑर्डिनन्स स्वतः वाच): तू दिलेल्या माहितीवर आणि मी धरलेल्या आकड्यांवर मी ओआरकडे झुकेन, पण ०.३-०.५ च्या फरकासाठी आवडता विषय सोडणार नाही. ३ क्रेडिटला एक पूर्ण ग्रेड कमी आला तर २० क्रेडिटच्या सेमिस्टरमध्ये एसजीपीए ०.१५ ने घटतो, आणि १६० क्रेडिटच्या डिग्रीत सीजीपीए ०.०२ पेक्षाही कमी. बी प्लसच्या जागी एफ आला तर मात्र त्या सेमिस्टरचा एसजीपीए १.०५ ने कोसळतो, शिवाय प्लेसमेंटच्या ऐन वेळी लाइव्ह बॅकलॉग. म्हणून सरासरीपेक्षा तुझ्या रेंजमधले किती जण नापास झाले किंवा सोडून गेले, हे आधी शोध.

इलेक्टिव्ह बदलायची शेवटची तारीख कॅलेंडरमध्ये टाकून ठेव. शक्य असेल तर त्याआधी दोन्ही विषयांची तीन-तीन लेक्चर्स बसून बघ, आणि मागच्या वर्षीचा मिड-सेमचा पेपर पुस्तक बंद करून चाळ. निम्मे प्रश्न काय विचारतायत हेसुद्धा कळलं नाही, तर वरचा माझा सगळा हिशोब बाजूला ठेव.