केस रिव्ह्यूच्या मिनिट्समध्ये नाव खोडूनही पेशंट ओळखू येतो तेव्हा

"आमच्या ५० खाटांच्या हॉस्पिटलात दर महिन्याला केस रिव्ह्यू होतो. मिनिट्स लिहायचं काम माझ्यावर आलंय. पेशंट ओळखू येऊ नये, पण शिकण्यासारखंही सुटू नये, असं कसं लिहायचं?"

मी भूलतज्ज्ञ. आमच्याकडे हे काम माझ्याच गळ्यात आहे, आणि सुरुवातीलाच तोंडावर आपटले. बाळंतपणानंतर खूप रक्त गेल्याची केस होती. नाव, आयपीडी नंबर खोडला आणि लिहिलं: "वय २६, जुळी, विसर्जनाच्या रात्री दाखल." दोन दिवसांत वॉर्डातल्या मावशी विचारतात, "आमच्या गल्लीतली ती जुळ्यांची आई ना?"

तेव्हापासून प्रत्येक तपशिलाला एकच प्रश्न विचारते: हा काढला तर धडा बदलतो का? वय काढल्याने धडा बदलत नाही, म्हणून "विशीतली". तारीख गेली, "रात्रपाळी" राहिली, कारण रात्री रक्त बाहेरून आणावं लागतं. जुळी असणं मात्र महत्त्वाचं, कारण ताणलेलं गर्भाशय नीट आकुंचन पावत नाही. मग "गर्भाशय जास्त ताणलेलं" एवढंच लिहिलं. मोठं बाळ किंवा जास्त पाणी असलं तरी तेच वाक्य लागू पडतं.

घड्याळातल्या वेळाही नकोत. प्रसूती म्हणजे शून्य धरा:

"+२० मि.: रक्तस्राव नजरेने ४०० मिली. नाडी १२४, वरचं बीपी १००. +५५ मि.: रक्ताची मागणी. +१३० मि.: पहिली पिशवी."

धडा इथेच दिसतो. नाडी वरच्या बीपीच्या पुढे गेली होती, तरी नजरेच्या अंदाजावर विसंबून ३५ मिनिटं गेली. नजरेचा अंदाज बहुतेकदा कमीच निघतो. मागणी कोणी उशिरा केली हे लिहू नका. "ड्युटी डॉक्टर" लिहिलं तरी रात्री तो एकच असतो.

"स्टाफने दक्ष राहावे" हा निर्णय नव्हे. आमचा असा होता: लेबर रूममध्ये वजनकाटा ठेवायचा, भिजलेल्या पॅडच्या वजनातून कोऱ्याचं वजन वजा करायचं (१ ग्रॅम म्हणजे साधारण १ मिली), नाडी वरच्या बीपीपुढे गेली की मदतीला हाक आणि रक्ताची मागणी लगेच. जबाबदारी लेबर रूम इन्चार्ज सिस्टरची, मुदत १५ दिवस. पुढच्या मीटिंगला महिन्यातले पाच केसपेपर काढून वजनाची नोंद आहे का, ते बघायचं.

केसला "एम-३" असा कोड द्या. आद्याक्षरं किंवा आयपीडी नंबरातले आकडे त्यात नकोत. कोडची वही अधीक्षकांच्या कुलपात. फाइलच्या नावात पेशंटचं नाव राहून जातं, तेही बघा. व्हॉट्सॲप ग्रुपवर तर अजिबात नको. मूळ केसपेपरला मीटिंगनंतर हात लावायचा नाही. आणि मिनिट्स कोर्टात कधीच मागवली जाणार नाहीत, असं धरून काही लिहू नका.

काही केसेस तालुक्याच्या गावात लपतच नाहीत. तिथे मी घटनाक्रम वाटतच नाही. वॉर्डात फक्त धडा आणि निर्णय जातो, बाकी कुलपात.