आभाराच्या भाषणात लाल शाईची रात्र सांगा

प्रश्न: आमच्या हॉस्पिटलमध्ये नवीन सॉफ्टवेअर अखेर सगळ्या विभागांत सुरू झालं. शुक्रवारी टीमचे आभार मानायला मला चार-पाच मिनिटं बोलायचंय. नुसती नावांची यादी वाचायची नाहीये. काय बोलू?

उत्तर:

लिहायला बसण्याआधी हेल्पडेस्कचं रजिस्टर मागवून घ्या. गो-लाइव्हच्या दिवसापासून कोणी फोन केला, काय अडलं, कोणी सोडवलं, हे त्यात तारीख-वेळेसकट सापडतं. मी 14 वर्षं वॉर्डात सिस्टर होते. नंतर 200 खाटांच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात अशाच प्रकल्पाची समन्वयक झाले आणि आभाराचं भाषण माझ्याकडे आलं. पहिल्या मसुद्यात मी ‘सर्वांच्या अथक परिश्रमांमुळे’ असं लिहिलं होतं. ते वाक्य कुठल्याही समारंभात चालतं, म्हणून खोडलं आणि रजिस्टर घेऊन बसले. त्यातून तीन प्रसंग निवडले. त्या माणसाने ते केलं नसतं तर पेशंटला नेमका काय त्रास झाला असता, हे एका वाक्यात सांगता आलं तरच तो प्रसंग ठेवायचा, असं ठरवलं होतं.

त्यातला एक सविस्तर सांगते, म्हणजे तुमच्या रजिस्टरमध्ये काय शोधायचं ते लक्षात येईल.

भरती असलेले पेशंट आम्ही शनिवारी रात्री 2 वाजता नव्या सिस्टीमवर चढवायला घेतले. रविवारी ओपीडी बंद, ऑपरेशनं फक्त इमर्जन्सीची, म्हणून ती वेळ. नाव, खाट, डॉक्टर हे चढवणं सोपं असतं. कठीण असतात चालू औषधं. समजा, एका पेशंटला दर 8 तासांनी द्यायचं इंजेक्शन रात्री 10 वाजता दिलंय, पुढचं सकाळी 6 वाजता. पण ती ऑर्डर सिस्टीममध्ये भरली गेली सव्वादोनला. 10 वाजताच्या डोसची सिस्टीमला खबरच नाही. तिच्या लेखी ऑर्डर आत्ता निघाली, म्हणून पहिला डोस आत्ताच द्यायचा असं ती दाखवते. जागरणाने डोळे जड झालेल्या कोणी स्क्रीन बघून इंजेक्शन भरलं, तर सव्वाचार तासांत दोन डोस होतात. अँटिबायोटिक असेल तर एक वेळ निभावेल, पण इन्सुलिन किंवा रक्त पातळ करणारं औषध असेल तर जिवावर बेतू शकतं. आमच्या चाचण्यांत हे सापडलंच नव्हतं, कारण चाचणीतले सगळे पेशंट आम्ही नव्याने भरती झालेलेच धरले होते. अर्ध्यावर असलेले उपचार उचलून नव्या जागी ठेवायचे म्हणजे काय, हे त्याच रात्री कळलं.

ते पकडलं सर्जिकल वॉर्डातल्या रात्रपाळीच्या सिस्टरांनी, तिसऱ्याच पेशंटला. मग प्रत्येक चार्टच्या वरच्या कोपऱ्यात शेवटच्या डोसची वेळ लाल शाईने लिहायची, एकीने ती मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने सिस्टीममध्ये पुढच्या डोसची वेळ हाताने भरायची, असं ठरलं. 5 वाजता संपायचं काम साडेसहाला संपलं. तो दीड तास फार मोलाचा होता.

आता भाषण. नावं इथे गाळली आहेत. बोलताना प्रत्येकाचं पूर्ण नाव आणि विभाग घेतला होता.

‘नमस्कार. पाळी बदलायची वेळ आहे, म्हणून थेट बोलते.

सहा आठवड्यांपूर्वी, शनिवारी रात्री आपण 137 पेशंट कागदावरून सिस्टीमवर घेतले. त्या रात्री कोणालाही डोस दोनदा गेला नाही. तो गेला नाही, कारण सर्जिकल वॉर्डातल्या आपल्या सिस्टर तिसऱ्या पेशंटपाशी थांबल्या. स्क्रीनवर “आत्ता द्या” दिसत होतं आणि हातातल्या चार्टवर 10 वाजताची सही होती. त्यांनी सहीवर विश्वास ठेवला आणि मला फोन केला. थोड्याच वेळात सगळ्या वॉर्डांत लाल पेन पोचलं. सिस्टर, मनापासून आभार. तुमच्या शेजारी बसून सकाळपर्यंत वेळा भरणाऱ्या, कंपनीकडून आलेल्या दोन्ही इंजिनीअरांचेही. “हे आमच्या कामात येत नाही” असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही.

रजिस्ट्रेशनच्या ताई, तुमच्याबद्दल बोलायचंय. जुन्या नोंदींत एकाच पेशंटचे दोन-तीन नंबर निघत होते आणि तुम्ही ते जोडत होतात. एका जोडीत नाव तेच, आडनाव तेच, गाव तेच, मोबाइल नंबरही तोच होता. सिस्टीम म्हणत होती, जोडा. तुम्ही आधी दोन्ही जुने केसपेपर रेकॉर्ड रूममधून मागवलेत. नवऱ्याचं नाव वेगळं निघालं. त्या दोघी जावा होत्या, घरात फोन एकच होता. ती नोंद जोडली गेली असती तर एकीची मधुमेहाची औषधं दुसरीच्या नावावर दिसली असती. त्या दिवसापासून पूर्ण मधलं नाव आणि जन्मतारीख पाहिल्याशिवाय आपण कोणाचीच नोंद जोडत नाही. तो नियम तुमच्यामुळे आला. आणि रेकॉर्ड रूममधल्या मामांनी ते जुने केसपेपर वीस मिनिटांत शोधून दिले, त्यांचेही आभार.

लॅबमधले दादा. पहिल्या आठवड्यात वॉर्डातून येणाऱ्या नळ्यांवर लेबल आडवं गुंडाळलेलं असायचं. बारकोडच्या रेघा नळीच्या गोलाईवर वळल्या की मशीनला वाचता येत नाहीत, मग पुन्हा लेबल, पुन्हा हेलपाटा. तुम्ही कोणावर चिडला नाहीत. रिकाम्या नळ्यांवर लेबल उभं, रेघा शिडीच्या पायऱ्यांसारख्या दिसतील असं लावलंत आणि एकेक नळी दोऱ्याने प्रत्येक नर्सिंग स्टेशनला बांधून आलात. ती नळी आजही तिथे आहे.

शेवटी सगळ्या सिस्टर, ब्रदर, मावशी आणि मामांना. पहिले काही आठवडे तुम्ही एकच गोष्ट कागदावरही लिहिलीत आणि संगणकावरही. तुमचं काम दुप्पट झालं होतं, हे मला माहीत आहे. वेळेवर घरी जाता आलं नाही, हेही माहीत आहे. त्याबद्दल आभार मानते आणि झालेल्या त्रासाबद्दल माफीही मागते.

डिस्चार्ज समरीला अजून वेळ लागतो आणि कॅशलेसच्या बिलात अजून अडचण येते. राहिलेल्या कामांची यादी मी नोटीस बोर्डवर लावली आहे. प्रत्येक कामापुढे तारीख आणि जबाबदार माणसाचं नाव आहे. धन्यवाद.’

हे बोलायला मला चार मिनिटांच्या आसपास लागली. घरी घड्याळ लावून एकदा मोठ्याने वाचा, कारण मनात वाचताना भाषण नेहमी लहान वाटतं. ‘व्यासपीठावरील मान्यवर’ वगैरे सुरुवात मी ठेवली नाही. ट्रस्टींना आधी भेटून सांगितलं होतं, त्यांनी आनंदाने मान्य केलं. तुमच्याकडे ते शक्य नसेल तर मान्यवरांचा उल्लेख एका वाक्यात करा आणि पुढे जा.

एक चांगला प्रसंग मी मुद्दाम वगळला. औषधांच्या स्टोअरमध्ये सुरुवातीचा साठा भरताना काही गोळ्या पट्ट्यांमध्ये मोजल्या गेल्या आणि सिस्टीममध्ये सुट्या गोळ्या म्हणून चढल्या. 10 गोळ्यांच्या 40 पट्ट्या, म्हणजे 400 गोळ्या असताना स्क्रीनवर 40 दिसत होत्या. स्टोअरमधल्या एका मुलाने दोन दिवस रॅकसमोर बसून सगळं पुन्हा मोजलं. गोष्ट कौतुकाचीच आहे, पण ती सांगितली असती तर साठा चुकीचा कोणी भरला होता हे खोलीतल्या प्रत्येकाला कळलं असतं. आभाराच्या वेळी एकाचीही मान खाली जाता कामा नये, असं मला फार वाटतं. त्या मुलाला मी स्टोअरमध्ये जाऊन भेटले आणि त्याच्या वरिष्ठांना लेखी पत्र दिलं. तुमच्या यादीतल्या प्रत्येक प्रसंगाला हा प्रश्न विचारून पाहा: याचं कौतुक करताना दुसऱ्या कोणाची चूक उघडी पडते का? जावांच्या प्रसंगात चूक सिस्टीमने सुचवली होती, माणसाने केली नव्हती, म्हणून तो सांगता आला. तिथेही पेशंटची नावं, गाव, वॉर्ड यातलं काही सांगू नका. खोलीतलं कोणी त्यांच्या नात्यातलं असू शकतं.

‘काम पूर्ण झालं’ असं शब्दशः म्हणू नका, असंही सुचवते. कंपनीबरोबरची अंतिम स्वीकृतीची सही बहुधा अजून व्हायची असेल आणि राहिलेल्या कामांची यादी त्या सहीला जोडलेली असते. ‘सगळ्या विभागांत सुरू झालं’ हे खरंही आहे आणि पुरेसंही. शिवाय ज्या सिस्टरचा डिस्चार्ज समरीसाठी सकाळीच अर्धा तास गेलाय, तिच्यासमोर ‘पूर्ण’ म्हटलं तर पुढचे आभार तिच्यापर्यंत पोचत नाहीत. राहिलेलं काम मी भाषणातच बोलून दाखवलं ते त्यासाठी. खाली उतरल्यावर तीन जणींनी त्या यादीत आणखी दोन गोष्टी लिहायला लावल्या, दोन्ही बरोबर होत्या.

वेळ आणि जागा मात्र आजच ठरवा. आमच्याकडे पाळ्या सकाळी 8 ते 2, दुपारी 2 ते 8 आणि रात्री 8 ते सकाळी 8 अशा असायच्या. मी दुपारी पावणेदोनला, हँडओव्हर सुरू व्हायच्या आधी बोलले, म्हणजे दोन पाळ्या एकत्र मिळाल्या. प्रत्येक वॉर्डात एक सिस्टर मागे राहिली होती, त्यांना नंतर जाऊन भेटले. पण लाल शाईच्या सिस्टर त्या आठवड्यातही रात्रपाळीलाच होत्या. म्हणून तेच भाषण रात्री पावणेआठला सर्जिकल वॉर्डाच्या नर्सिंग स्टेशनपाशी पुन्हा केलं, हळू आवाजात, कारण पेशंट झोपायला लागले होते. त्या ऐकत होत्या आणि हात टेबलावरच्या चार्टवर होता. तुमच्या शुक्रवारच्या ड्यूटी लिस्टमध्ये आधी तेवढं बघून घ्या: ज्यांचं नाव घेणार आहात, ते कोणत्या पाळीला आहेत.