फोडणीचा भात आणि उकळूनही न मरणारं विष

*प्रश्न : रात्रीचा भात सकाळी चांगला कडकडीत परतून फोडणीचा भात केला. वास नव्हता, आंबलाही नव्हता. तरी दोन तासांत घरातल्या दोघांना उलट्या. गरम केल्यावर जंतू मरत नाहीत का?*

जंतू मेले असणार. त्रास दिला तो बहुधा त्यांनी रात्रीतून करून ठेवलेल्या विषानं. खाल्ल्यावर अर्ध्या ते सहा तासांत उलट्या आणि आधी शिजवून ठेवलेला भात, हे जुळलं की पहिला संशय बॅसिलस सिरियस या जिवाणूवर घ्यायचा.

हा मातीतला जिवाणू, त्यामुळे तांदळावर तो असतोच. तांदूळ शिजतो तेव्हा जिवाणू मरतात, पण त्यांचे बीजाणू, म्हणजे जाड कवचात झोपलेलं रूप, उकळत्या पाण्यातून तरतात. भात कोमट झाला की ते जागे होतात. साधारण ३० अंशांवर भातात त्यांची संख्या अर्ध्या तासात दुप्पट होते. सहा तास म्हणजे बारा वेळा दुप्पट, एकाचे चार हजार. ग्रॅममागे संख्या लाखाच्या वर गेली की सेरुलाइड नावाचं विष पुरेसं साठू शकतं. त्याला वास नाही, चव नाही. ते १२१ अंशांवर दीड तास ठेवलं तरी टिकतं. कढई सोडा, कुकरच्या शिट्ट्यांनीही काही होत नाही.

आता सोलापूरचा उन्हाळा धरा. रात्री नऊला पातेलंभर भात उतरवला आणि झाकून ओट्यावर ठेवला. कडेचा भात निवतो, पण मधला गोळा मध्यरात्रीनंतरही कोमटच. पुढे खोलीच इतकी उबदार की भात सकाळपर्यंत जिवाणूंना हव्या त्याच तापमानात राहतो. थंडीत तोच भात निभावून जातो, म्हणून "आमच्याकडे कायम असंच करतात" याला अर्थ नाही. कडक भाकरी महिनाभर टिकते ती कोरडी म्हणून. भातात पाणी भरपूर.

त्यामुळे काळजी घ्यायची ती गरम करताना नाही, निववताना. जेवणं झाली की उरलेला भात परातीत दोन बोटं जाडीचा पसरा आणि पंख्याखाली ठेवा. वाफ गेली की उथळ डब्यांत भरून, शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. गरम पातेलं तसंच आत ढकलू नका, मधला भाग तिथेही तासन् तास उबदार राहतो. दुसऱ्या दिवशी संपवा आणि एकदाच गरम करा. रात्रभर वीज गेली असेल किंवा भात ओट्यावरच राहिला असेल, तर टाकून द्या. वास घेऊन ठरवू नका.

या उलट्या बहुधा दिवसभरात थांबतात. तोवर ओआरएस घोट घोट द्या. पाणीही पोटात ठरत नसेल, गुंगी आली किंवा डोळे पिवळे दिसले तर लगेच दवाखाना गाठा. हे विष क्वचित यकृतावर जातं, लहान मुलांत विशेषतः.