१७४ नावांची यादी आणि एका नावाची यादी

> "मोत्झार्टने दरबारी नोकरी सोडली आणि व्हिएन्नात तिकीट लावून मैफली केल्या, त्या खूप गाजल्या, असं वाचलं. मग चार-पाच वर्षांत तो उसनवारीवर कसा आला? तेव्हा तिकिटं काढायचं तरी कोण?"

तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

'तिकीट लावून' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर खिडकी आणि रांग येते. मोत्झार्टचा प्रकार त्यापेक्षा आपल्या म्युझिक सर्कलच्या वर्गणीसारखा होता. कार्यक्रमाच्या काही आठवडे आधी एक यादी घरोघर फिरायची. ज्याला यायचं तो नाव घालणार आणि सगळ्या कार्यक्रमांचे पैसे एकदम देणार. मी आमच्या गावातल्या सर्कलसाठी अशी यादी घेऊन बरीच वर्षं हिंडलोय, त्यामुळे यातली मेख चटकन कळते: पहिली चार नावं वजनदार असली की बाकीची आपसूक येतात.

मोत्झार्टची १७८४ ची यादी अशीच वजनदार होती. ईस्टरच्या आधी ख्रिस्ती लोकांचा चाळीस दिवसांचा उपासाचा काळ असतो, लेंट. त्या दिवसांत ऑपेरा-नाटकांवर बंधनं असायची, करमणुकीला भुकेलेले लोक मोकळे असायचे आणि वादकही हाताशी असायचे. म्हणून व्हिएन्नात मैफलींचा खरा हंगाम हाच. मोत्झार्टने ट्राट्नरहोफ या इमारतीतल्या दालनात मार्चमधल्या तीन बुधवारी, म्हणजे १७, २४ आणि ३१ तारखेला, तीन मैफली ठेवल्या. तिन्ही मिळून वर्गणी ६ गुल्डन, म्हणजे तिथल्या चलनातली नाणी. २० मार्चला त्याने वडिलांना वर्गणीदारांची अख्खी यादी लिहून पाठवली: १७४ नावं. इतर दोन कलाकारांना मिळूनही आपल्यापेक्षा तीस कमी मिळाले, हेही कळवायला तो विसरला नाही.

१७४ गुणिले ६ म्हणजे १०४४ गुल्डन. ही रक्कम केवढी? त्याने सोडलेल्या साल्झबुर्गच्या दरबारी नोकरीत त्याला वर्षाला ४५० मिळायचे, आणि पुढे १७८७ मध्ये सम्राटाने त्याला पदावर घेतलं तेव्हाचा वार्षिक पगार होता ८०० गुल्डन. तीन संध्याकाळींची जमा त्याहून जास्त! अर्थात यातून वादकांचे पैसे, नोटेशनच्या प्रती काढणाऱ्याची मजुरी आणि दिवाबत्ती वजा करायची. निव्वळ हातात किती पडले याचा हिशेब त्याने लिहिलेला नाही.

आता ती यादी नीट वाचा. राजपुत्र, काउंट, बॅरन, मोठे सरकारी अधिकारी. साधा व्यापारी किंवा कारागीर शोधावा लागतो. म्हणजे ज्या उमरावांच्या दिवाणखान्यात तो एरवी वाजवायचा, तेच इथे पैसे देऊन बसले होते. त्याच लेंटमध्ये त्याने वडिलांना आपल्या वीसेक कार्यक्रमांचं वेळापत्रक पाठवलंय. त्यातले बरेचसे एस्टरहाझी आणि गालित्सिन या घराण्यांच्या वाड्यांवर आहेत. एका धन्याऐवजी पावणेदोनशे धनी, एवढाच बदल. 'जनतेने कलेला आश्रय दिला' वगैरे जे लिहिलं जातं, ते निदान व्हिएन्नाबाबत मला पटत नाही.

पुढच्या वर्षी त्याने मेलग्रुबे इथलं सभागृह घेतलं. नावाचा अर्थ पिठाचं कोठार, कारण खाली पूर्वी खरंच पीठ साठवत. सहा शुक्रवार, दीडशेच्या वर वर्गणीदार. पहिल्या मैफलीच्या दिवशी, ११ फेब्रुवारी १७८५ ला, वडील लिओपोल्ड दुपारी प्रवासातून पोचले आणि संध्याकाळी थेट श्रोत्यांत बसले. त्यांनी मुलीला लिहिलंय की नवा पियानो कॉन्चेर्तो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदाची रचना (आजचा प्रसिद्ध डी मायनर), आम्ही पोचलो तेव्हा नकलनवीस अजून उतरवतच होता, आणि व्होल्फगांगला, म्हणजे मोत्झार्टला, त्यातला शेवटचा भाग एकदाही वाजवून बघायला वेळ मिळाला नव्हता, कारण प्रतींवर त्यालाच देखरेख करावी लागत होती. संगीतकार तोच, वादक तोच, आयोजक आणि खजिनदारही तोच. दर हंगामाला नवा माल हवा, नाहीतर तीच माणसं पुन्हा पैसे कशाला देतील?

इथेच गाडं अडलं. श्रोते मोजके, आणि तेही एकाच वर्गातले. १७८८ मध्ये ऑस्ट्रिया तुर्कांशी लढाईत उतरला. सरदार पलटणींवर गेले, काही कुटुंबं आपल्या जहागिरीवर निघून गेली, महागाई वाढली. शंभर घरं एकाच वेळी खर्चाला कात्री लावतात तेव्हा पहिली जाते ती वर्गणी. जुलै १७८९ मध्ये मोत्झार्टने मित्र पुखबेर्गला उसने पैसे मागताना लिहिलं की पंधरा दिवस यादी फिरवली, तिच्यावर एकच नाव आहे: स्वीटन. हे बॅरन फान स्वीटन त्याचे जुने चाहते. १७४ वरून एकावर. लोकांची अभिरुची बदलली म्हणून असं झालं, हे स्पष्टीकरण मला अपुरं वाटतं. खर्चाची सवय आणि घरचं आजारपण होतंच, पण उत्पन्नाचा मोठा नळ असा बंद झाला.

तुलनेला लंडन बघा. डिसेंबर १७९० मध्ये योहान पेटर सालोमोन व्हिएन्नात येऊन संगीतकार हायडनला लंडनला घेऊन गेला. हा सालोमोन स्वतः व्हायोलिनवादक, पण मुख्य म्हणजे जोखीम उचलणारा आयोजक. हॅनोव्हर स्क्वेअरच्या सभागृहात बारा मैफली, वर्गणी पाच गिनी, गिनी म्हणजे पौंडाहून किंचित जास्त, आणि वर्तमानपत्रांत जाहिराती. हायडनने सुरांचं बघायचं, हिशेबाचं सालोमोनने. हायडनच्या नावाने झालेल्या खास मैफलीला २०० पौंडांची हमी होती. १६ मे १७९१ ला ती झाली आणि जमले ३५०. लंडनमध्ये पैसेवाला व्यापारी वर्ग मोठा होता, त्यामुळे उमराव नाही आले तरी खुर्च्या भरत. पण तिथेही सुटं तिकीट अर्धी गिनी, म्हणजे मजुराच्या जवळजवळ आठवड्याच्या कमाईइतकं, हे विसरू नका. आणि स्पर्धा इतकी की १७९२ मध्ये विरोधी संस्थेने हायडनचाच शिष्य प्लेयेल त्याच्यासमोर उभा केला.

व्हिएन्नात मात्र फक्त मैफलींसाठी बांधलेलं सभागृह थेट १८३१ मध्ये आलं. तोवर कलाकाराने नाट्यगृह भाड्याने घ्यायचं आणि नशिबावर सोडायचं. ७ मे १८२४ ला बेटहोव्हनने नववी सिंफनी सादर केली तेव्हा थिएटर खचाखच होतं, फक्त सम्राटांचा कक्ष रिकामा. जमा २२०० गुल्डनच्या आसपास. नाट्यगृह आणि नकलनवीस यांचं देणं भागवून त्याच्या वाट्याला ४२० उरले, असा हिशेब त्याच्या सहायकाने दिलाय (या सहायकाच्या सगळ्याच आकड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, पण प्रमाण खोटं वाटत नाही). मग २३ मेला पुन्हा कार्यक्रम ठेवला. या वेळी नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाने बेटहोव्हनला ५०० गुल्डन कबूल केले होते. रविवारची दुपार, बाहेर लख्ख ऊन, लोक फिरायला गेलेले. सभागृह निम्मंसुद्धा भरलं नाही आणि तोटा व्यवस्थापकाच्या अंगावर पडला.