तीन महिन्यांचा खर्च साठेपर्यंत सोने नको

प्रश्न : पहिलीच नोकरी आहे, हातात तीस हजार पगार येतो, अडीअडचणीसाठी वेगळी शिल्लक अजून नाही. घरचे म्हणतात, आधी थोडे सोने कर. सुरुवातीला किती सोने पुरेसे आहे?

उत्तर : तीन महिन्यांचा राहण्या-खाण्याचा खर्च बँकेत जमेपर्यंत शून्य ग्रॅम. आईच्या समाधानासाठी किंवा देवापुढे ठेवण्यासाठी अर्ध्या ग्रॅमचे नाणे घ्यायचे असेल तर जरूर घ्या, मात्र तो खर्च समजा आणि बचतीच्या हिशेबात धरू नका. हे मी इतक्या ठामपणे का लिहितो, ते माझ्या धाकट्या बहिणीच्या उदाहरणावरून सांगतो. याच प्रश्नावर माझ्या आत्याशी माझा गेली काही वर्षे वाद चालू आहे आणि तो अजून मिटलेला नाही.

आम्ही सांगली जिल्ह्यातल्या विट्याचे. आमच्या भागातील गलाई कारागीर देशभरच्या सराफ बाजारांत सोने गाळण्याचा धंदा करतात, हे अनेकांना माहीत असेल. आत्याच्या सासरी हाच व्यवसाय आहे. मी स्वतः एका सहकारी बँकेत सोनेतारण कर्जाचे काम पाहतो. त्यामुळे आमच्या घरात सोन्याला नावे ठेवणारा कोणीही नाही, मीही नाही.

बहिणीला ऑक्टोबर 2022 मध्ये पुण्यात नोकरी लागली. पगार बत्तीस हजार, वाकडमध्ये दोघी मैत्रिणींबरोबर भाड्याची खोली, आणि भाडे, जेवण, प्रवास, फोन असा सगळा मिळून महिन्याचा खर्च बावीस हजार. सहा महिने काटकसर करून तिने साठ हजारांच्या वर रक्कम जमवली. ती बँकेतच मुदत ठेवीत टाकावी असे मी सांगितले होते. आत्याने सांगितले की मुलीच्या अंगावर पहिल्या कमाईचे काहीतरी असले पाहिजे, ठेवीचा कागद अंगावर घालता येत नाही, आणि वेळ आली की सोनेच धावून येते. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे एप्रिल 2023 मध्ये, बहिणीने दहा ग्रॅमची साखळी घेतली.

त्या पावतीचा हिशेब मला पाठ आहे. 22 कॅरेटचा भाव ग्रॅमला 5,600 रुपये, म्हणून सोन्याचे 56,000. त्यावर 12 टक्के घडणावळ म्हणजे 6,720. दोन्हींच्या बेरजेवर 3 टक्के जीएसटी म्हणजे 1,882. एकूण 64,602 रुपये. वर त्याच दुकानातील मासिक योजनेत तिने मे महिन्यापासून पाच हजारांचा हप्ता सुरू केला. अकरा हप्ते भरले की घडणावळीत सवलत, अशी ती योजना होती. थोडक्यात, पगारातून जे काही उरत होते ते सगळे सराफाकडे जाऊ लागले आणि बचत खात्यावर महिनाअखेरीस दोन-चार हजारांपेक्षा जास्त कधीच राहिले नाही.

ऑगस्टपासून तिच्या कंपनीत पगार लांबू लागले आणि सप्टेंबरच्या शेवटी तिच्यासह बऱ्याच जणांना कमी केले. भाड्याची तारीख पाच होती. ऑक्टोबर 2023 च्या पहिल्या आठवड्यात ती साखळी घेऊन बाजारात गेली, आणि नेमका त्याच आठवड्यात सोन्याचा भाव कित्येक महिन्यांच्या नीचांकावर आला होता. ज्या दुकानातून घेतली ते दुकान बदल्यात दुसरा दागिना द्यायला तयार होते, पण पैसे द्यायला राजी नव्हते. दुसऱ्या एका सराफाने साखळी वितळवून पाहिली, ग्रॅमला 5,260 चा भाव लावला, जोडाची झाळ आणि मळ यांपोटी 3 टक्के कापले आणि 51,022 रुपये खात्यावर पाठवले.

सहा महिन्यांत 13,580 रुपये गेले. यातला भाव उतरल्यामुळे झालेला तोटा फक्त 3,400 रुपयांचा आहे. उरलेले 10,180 हे घडणावळ, कर आणि वजावट यांचे आहेत, आणि भाव जागच्या जागी राहिला असता तरीही ते सगळे गेलेच असते. आत्याचे म्हणणे असे की साखळी विट्याला आणली असती तर घरच्या भट्टीत गाळून वजावट वाचली असती. हे खरे आहे, पण त्यामुळे वाचले असते 1,578 रुपये. घडणावळ आणि जीएसटीचे 8,600 रुपये जगातील कोणताही गलाईवाला मुशीतून परत काढून देऊ शकत नाही. दागिना विकत घेतल्या क्षणी ते संपलेले असतात.

योजनेत भरलेले पंचवीस हजार तर त्या वेळी पाहायलाही मिळाले नाहीत. मुदतीआधी रोख परतावा नाही, हप्ते थांबवले तर सवलत नाही, आणि जमलेल्या रकमेचा दागिनाच घ्यावा लागेल, असे त्या योजनेच्या कार्डाच्या मागच्या बाजूला छापलेले होते. या योजना बहुधा अकरा महिन्यांच्या का असतात, हे तुम्ही समजून घ्या. मालापोटी घेतलेली आगाऊ रक्कम कंपनीने 365 दिवसांत मालात वळती केली नाही, तर कायद्याने ती ठेव ठरते आणि ठेवींचे कडक नियम लागू होतात. म्हणजेच तुम्ही जो भरता तो मालाचा आगाऊ पैसा असतो. बँकेतील ठेवीला पाच लाखांपर्यंत जे विमा संरक्षण आहे, ते त्याला नाही.

आत्याचा पुढचा मुद्दा असा होता की साखळी मोडायचीच कशाला, तारण ठेवायची. हे माझ्या रोजच्या कामातले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आमच्याकडे दागिना आला की मूल्यांकन करणारा सराफ तो कसोटीवर घासतो, वजन करतो, आणि खडे, लाख, काळे मणी, दोरा यांचे वजन वजा करतो. घडणावळीला तिथे काहीही किंमत नसते. त्या वेळच्या 75 टक्क्यांच्या मर्यादेप्रमाणे तिच्या साखळीवर चाळीस हजारांच्या आसपास कर्ज मिळाले असते. आता छोट्या कर्जांसाठी ही मर्यादा थोडी वाढली आहे, पण अडचण मर्यादेची नव्हतीच. मृगापूर्वी शेतकरी बी-खतासाठी पाटल्या ठेवतो, तेव्हा त्याला साधारण ठाऊक असते की उसाचे बिल अमुक महिन्यांत येणार आहे आणि त्यातून तो दागिना सोडवणार आहे. ज्याची नोकरी गेली आहे त्याच्यापुढे अशी तारीख नसते. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढते. लिलावाची नोटीस हातात घेऊन आमच्या खिडकीवर आलेली पंचविशीतली मुले मी पाहिली आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांना दागिना मोडणे स्वस्त पडले असते. येणे ठरलेले असेल तर सोनेतारण उत्तम, येणे ठरलेले नसेल तर ते टाळावे, असे माझे मत आहे.

आता त्या वादातला आत्याचा शेवटचा आणि सर्वात भक्कम मुद्दा. ती म्हणते, आज तीच साखळी असती तर दुपटीच्या वर किंमत आली असती. हे अगदी खरे आहे आणि मी ते कधी नाकारले नाही. पण ती साखळी का राहिली नाही, याचे उत्तर तिला द्यावेसे वाटत नाही. बहिणीचा महिन्याचा खर्च बावीस हजार होता, म्हणजे तिने साखळीसाठी मोजलेली रक्कम तिला जवळजवळ तीन महिने पुरली असती. बँकेत तेवढी रक्कम आणि सोबत पाच-सहा ग्रॅम सोने असते, तर तिने बँकेतले पैसे खर्च केले असते आणि सोने तसेच राहिले असते. भाववाढीचा फायदा थांबू शकणाऱ्यालाच मिळतो, आणि नोकरी गेल्यावर थांबण्याची ताकद बँकेत पडलेल्या शिल्लकेतून येते. सोने कधी पडत नाही, असे सांगणाऱ्यांनी 2020 च्या ऑगस्टमधला दहा ग्रॅमला सुमारे छपन्न हजारांचा भाव आणि 2021 च्या मार्चमधला पंचेचाळीस हजारांच्या आतला भाव शेजारी शेजारी ठेवून पाहावा. पुढे तो वर गेला, पण त्या सात महिन्यांत ज्याला भाडे भरायचे होते त्याला पुढच्या भावाचा काय उपयोग?

तुमच्यापुरते सांगायचे तर पगार तीस हजार आणि खर्च वीस हजार धरला, तर आधी साठ हजार जमवा. त्यातले पंधरा-वीस हजार बचत खात्यावर आणि उरलेले अशा मुदत ठेवीत ठेवा, जी मोबाईलवरून रात्रीही मोडता येते. एकच मोठी ठेव करू नका, पंधरा-पंधरा हजारांच्या तीन करा, म्हणजे लागेल तेवढीच मोडावी लागते. मुदतीआधी मोडल्यास व्याजात एखादा टक्का कमी मिळतो, मुद्दल सहसा शाबूत राहते. साखळीवर गेलेल्या 13,580 शी याची तुलना करा. हे साठ हजार झाले की मासिक बचतीच्या दहा टक्क्यांपर्यंत सोने घ्यायला हरकत नाही, आणि सहा महिन्यांचा खर्च साठल्यावर हवे तर पंधरा टक्के. अंगावर घालायचे नसेल तर गोल्ड ईटीएफ, म्हणजे शेअर बाजारात घेता-विकता येणारा सोन्याचा फंड घ्या, त्यात घडणावळ नसते आणि विकल्यावर पैसे एक-दोन कामाच्या दिवसांत खात्यात येतात. घालायचे असेल तर साधी, खडे नसलेली, कमी घडणावळीची वस्तू घ्या, आणि दुकानदाराला घेण्यापूर्वीच विचारा की उद्या परत आणली तर रोख किती द्याल. उत्तर तोंडी न घेता पावतीवर लिहून घ्या. आईचे किंवा आजीचे दागिने तुमच्या शिल्लकेत मोजू नका. ते मागायची वेळ आली की घरातला वाद हा वेगळाच खर्च होतो.

एक अपवाद मात्र मला मान्य आहे आणि तो आत्याकडूनच मी शिकलो. लग्नानंतर तिच्या हातात कधीही बँकेचे पासबुक नव्हते. जे काही तिचे म्हणून होते, ते तिच्या अंगावर होते. तुमच्या खात्यावर दुसऱ्याचा ताबा असेल, एटीएम कार्ड घरातील कोणाकडे असेल, किंवा साठवलेली रोकड मागून नेणारे घरात कोणी असेल, तर वरचा सगळा हिशेब बदलतो. अशा वेळी आधी फक्त स्वतःच्या नावाचे, घरच्यांना माहीत नसलेले खाते उघडता येते का ते पाहा. तेही शक्य नसेल तर दोन-तीन ग्रॅमची नाणी एकेक करून घ्या, घडणावळीचे नुकसान सोसा, आणि ती ठेवायला माहेरची किंवा भरवशाची एखादी जागा आधी नक्की करा. नाण्यांची पावती त्यांच्याजवळ ठेवू नका, वेगळीकडे ठेवा.